मसूरच्या फलाटावर भीमरावांना काय माहीत होतं?

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं छोटं आत्मकथन. त्यातला पहिला प्रसंग १९०१ च्या सुमाराचा आहे. साताऱ्याहून चार मुलं वडिलांना भेटायला निघाली. नवे कपडे, अंगावर दागिने. मसूर स्टेशनवर उतरली, तर न्यायला कुणीच आलेलं नाही. स्टेशनमास्तरांनी विचारपूस केली. आपण महार आहोत असं मुलांनी सांगताच त्यांचा चेहरा पालटला. पुढे गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला. अट अशी की बैल मुलांनी हाकायचे, तो बाजूने चालणार.

या प्रकरणाचा सारांश बहुतेक जण असा करतात: ‘या प्रवासात भीमरावांना आपण अस्पृश्य असल्याचं प्रथमच कळलं आणि व्यवस्थेचं क्रौर्य उमगलं.’ वाचायला ठीक वाटतं, पण पुस्तकात असं नाही. आपण अस्पृश्य आहोत हे आधीपासून माहीत होतं, असं लेखक स्वतःच सांगतात. शाळेत वेगळं बसणं, शिपायाने वाढल्याशिवाय पाणी न मिळणं हे ते भोगतच होते. मसूरला नवं होतं ते धक्का बसणं आणि त्यावर विचार सुरू होणं. तो धक्का आयुष्याला वळण देणारा होता, हा निष्कर्ष तीसेक वर्षांनी लिहिणाऱ्या माणसाचा आहे.

म्हणून सारांश लिहिताना प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारावा: हे त्या क्षणी त्या मुलाला ठाऊक असणं शक्य होतं का? रात्री गाडीवान आपल्याला दागिन्यांसाठी आडबाजूला नेऊन मारेल, अशी मुलांना भीती वाटली. ती खरी ठरली नाही, हे आपल्याला माहीत आहे. तरी ‘विनाकारण घाबरली’ असं लिहिलं की ‘विनाकारण’ हा शब्द भीतीच्या क्षणी नंतरची माहिती घुसवतो. ‘मारेल असं वाटू लागलं’ एवढंच पुरे. वडिलांना पत्र मिळालंच नव्हतं, नोकर ते द्यायला विसरला होता, हेही पोहोचल्यावर कळलं. सारांशात ते आधी आलं, तर फलाटावरचं वाट पाहणं हलकं होतं.

मात्र नंतरचा विचार गाळून टाकणंही चूक. तो परदेशी वाचकांना अस्पृश्यता समजावण्यासाठी लिहिला आहे, पुस्तकाचा हेतूच त्यात आहे. त्याला वेगळं वाक्य द्यावं आणि कर्ता बदलावा. अशा रीतीने:

‘नऊ-दहा वर्षांच्या भीमरावांना स्टेशनमास्तर का मागे सरले याचा अर्थ लागत होता, पण पैसे देऊनही गाडी मिळत नाही याने ते हादरले. रात्री गाडीवानाचीही भीती वाटली. पत्र पोहोचलं नव्हतं, हे दुसऱ्या दिवशी समजलं. प्रौढ आंबेडकर या प्रसंगाला आपल्या विचारांची सुरुवात मानतात.’

इथेही एक मर्यादा उरते. मुलाची नजर म्हणून जे हाती येतं, तेही प्रौढाच्या आठवणीतूनच आलेलं असतं. त्यामुळे ‘मुलाने असं पाहिलं’ यापेक्षा ‘लेखकाच्या आठवणीनुसार’ हे शब्द अधिक खरे.