विश्लेषण : क्लासचे नाव काय ठेवावे? 'सक्सेस', 'टॉपर्स'पेक्षा पालकांना विश्वास देणारे काय?

दहावीचा निकाल लागला, की अहिल्यानगरमध्ये सावेडीपासून केडगावपर्यंत क्लासचे फलक लागतात. सक्सेस, एक्सलंट, व्हिजन, टॉपर्स, ज्ञानदीप, ध्येय... नावे इतकी सारखी, की दोन दिवसांनी कोणता क्लास कुठे पाहिला हे पालकांना आठवत नाही. नवा क्लास काढणाऱ्या शिक्षकाने मग नाव कसे निवडावे?

'सक्सेस'मध्ये अडचण काय?

हे शब्द स्वतःची स्तुती करतात, पण पालकाला तपासता येईल असे काहीच सांगत नाहीत. कोण शिकवणार, काय शिकवणार, कुठे शिकवणार, हे पालकाचे पहिले प्रश्न असतात. महाराष्ट्रात आणि बाहेर नाव कमावलेल्या अनेक क्लासची नावे साधी आहेत. मुंबईचे महेश ट्युटोरियल्स आणि कोटाचे बन्सल क्लासेस शिक्षकाच्या नावाने उभे राहिले. या नावांमागे जबाबदार माणूस दिसतो.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार क्लासला रँक किंवा चांगल्या गुणांची हमी देता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी नियमावली काढली. निवडीची खोटी हमी तीतही चालत नाही. त्यामुळे 'गॅरंटी' किंवा 'शुअर सिलेक्शन' नावातच घातले, तर फलक हाच तक्रारीचा पुरावा ठरू शकतो. 'युनिव्हर्सिटी' हा शब्द विद्यापीठाखेरीज कोणाला वापरता येत नाही. सरकारी संस्था असल्याचा भास होईल असे नावही टाळावे.

गावाचे किंवा नदीचे नाव चालेल का?

जपून. शहराचे नाव २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, तेव्हा नावात शहर असलेल्यांना फलकापासून पावतीपुस्तकापर्यंत विचार करावा लागला. शिवाय बोलताना लोक अजून 'नगर'च म्हणतात. 'प्रवरा' नदीचे नाव गोड आहे, पण जिल्ह्यात ते ऐकताच लोणीच्या शिक्षणसंस्था आठवतात. 'रयत'चेही तसेच. संबंध नसताना असे नाव घेतले, तर पहिल्याच भेटीत पालक विचारतो, 'तुम्ही त्यांचेच का?' उत्तर 'नाही' आले, की विश्वास तिथेच कमी होतो.

एक उदाहरण

समजा, दोन शिक्षक सावेडीत अकरावी-बारावीचे फिजिक्स आणि गणित शिकवणार आहेत. त्यांच्यापुढे तीन नावे आहेत.

'टॉपर्स ॲकॅडमी' : पहिल्या वर्षी टॉपर नसला, तर नाव थट्टेचा विषय होते. ट्रेडमार्क कायद्यात नुसत्या स्तुतिपर शब्दाला नोंदणी मिळणेही अवघड असते.

एकाच्या आडनावाने 'अमुक सरांचे क्लासेस' : विश्वास लगेच बसतो. पण दुसऱ्या शिक्षकाचे काय? सर उद्या वेगळे झाले किंवा दुसरी शाखा काढली, तर 'सर स्वतः शिकवतात का?' हा प्रश्न येतो. एकट्या शिक्षकाला मात्र हाच मार्ग बहुधा उत्तम.

'उकल : फिजिक्स-गणित, ११वी-१२वी' : गणिताच्या पुस्तकातला शब्द, त्यामुळे नाव कामाशी जोडलेले. त्यात यशाची हमी नाही. पुढची ओळ विषय आणि इयत्ता सांगते, खाली दोन्ही शिक्षकांची नावे आणि शिक्षण लिहिता येते. या तिघांत हेच टिकते.

पक्के करण्याआधी काय तपासावे?

पहिली चाचणी फोनची. चार-पाच पालकांना नाव फक्त ऐकवा आणि मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत टाइप करायला सांगा. सगळ्यांनी `Ukal` लिहिले तर ठीक. प्रत्येकाचे स्पेलिंग वेगळे आले, तर गुगल मॅप्सवर क्लास सापडणार नाही.

दुसरी चाचणी फलकाची. राज्यात दुकाने आणि आस्थापनांचा फलक मराठीत, देवनागरीत असणे बंधनकारक आहे आणि मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. म्हणून इंग्रजी आद्याक्षरांचे नाव देवनागरीत आधी लिहून, मोठ्याने वाचून पाहावे.

तिसरी चाचणी ट्रेडमार्कची. सरकारी संकेतस्थळावर शोध मोफत आहे. शिक्षणसेवेसाठी वर्ग ४१ निवडावा आणि उच्चारावरून होणारा 'फोनेटिक' शोधही घ्यावा, कारण स्पेलिंग वेगळे असले तरी सारखे ऐकू येणारे नाव अडचणीचे ठरते. त्याच नावाचा क्लास आधीच चालू असेल, तर नोंदणी नसली तरी ते सोडावे. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचे शुल्क एका वर्गासाठी ४,५०० रुपये असून नोंदणी १० वर्षे चालते, नंतर नूतनीकरण करता येते. शोधाआधी फलक रंगवू नये.

नाव पालकाला दारापर्यंत आणते. आत आल्यावर शिकवणारे तेच शिक्षक आहेत का, फीची पावती मिळते का, बॅचमध्ये किती मुले आहेत, हे तो पाहतो. फलकावर लिहिलेले आणि वर्गात दिसणारे जुळले, तरच पुढच्या वर्षी तो शेजाऱ्याला ते नाव सांगतो.