चित्र काढल्यावर रेझ्युमे कसा दाखवायचा

नोकरीसाठी रेझ्युमे तयार केला की तो कुणातरी जाणत्याला दाखवावासा वाटतो. मोबाइलवर स्क्रीनशॉट काढायचा आणि पाठवून द्यायचा, ही सगळ्यात सोपी वाट. पण त्या एका चित्रात नाव, फोटो, मोबाइल नंबर, घरचा पत्ता, जन्मतारीख, आधीच्या कंपन्या असं सगळं एकत्र असतं. अनोळखी माणसांसमोर ठेवलेलं असं चित्र काढून टाकावंच लागतं आणि ते योग्यच आहे. नंबरावर काळी रेघ ओढली की भागलं, असं पुष्कळांना वाटतं. मोबाइलमधल्या हायलायटरची रेघ मात्र अनेकदा अर्धपारदर्शक असते आणि चित्राची उजळता वाढवली की खालचे आकडे वाचता येतात. २०२३ च्या मार्चमध्ये तर पिक्सेल फोनमधला एक दोष उघड झाला होता: स्क्रीनशॉट कापून लहान केला तरी कापलेला भाग फाइलमध्ये शिल्लक राहायचा आणि बऱ्याच अंशी परत मिळवता यायचा.

चित्र गेलं, पण प्रश्न राहतो. पान गर्दीचं वाटतंय, काय बदलू? आता पान शब्दांतच सांगावं लागतं. बहुतेक जण तिथे असं लिहितात: ‘दोन कॉलमचा आहे, मॉडर्न लुक आहे, निळा रंग वापरलाय, पण थोडा भरगच्च वाटतो.’ यावर कुठलाही डिझायनर नेमकं काही सांगू शकणार नाही, कारण ही पानाची माहिती नव्हे, लिहिणाऱ्याचं पानाबद्दलचं मत आहे. भरगच्च का वाटतं, हे शोधायला मापं लागतात. वर्णन पुरेसं झालं की नाही, हे पाहायची माझी कसोटी साधी आहे. ते वाचून समोरच्याला कोऱ्या कागदावर पेन्सिलीने त्याच पानाचा आराखडा काढता आला पाहिजे.

मापं घेण्यासाठी पीडीएफ ए-फोर कागदावर छापावी आणि फूटपट्टी लावावी. छापताना `Actual size` हा पर्याय निवडायचा. `Fit` निवडलं तर प्रिंटर पान थोडं आकसून छापतो आणि सगळी मापं चुकतात. खात्री करायची असेल तर वर्डमध्ये जो समास ठेवला आहे तो कागदावर तेवढाच भरतो का, हे आधी पाहावं. ए-फोर पान २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ उंच असतं. त्यामुळे कॉलमची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगितली, की पानाचा केवढा हिस्सा त्याने घेतला हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

अक्षरांचं माप पॉइंटमध्ये सांगतात. एका इंचात ७२ पॉइंट, म्हणजे एक पॉइंट साधारण ०.३५ मिलिमीटर. मात्र नुसतं ‘दहा पॉइंट’ सांगून भागत नाही, फाँटचं नावही हवं. दहा पॉइंटचा व्हर्डाना दहा पॉइंटच्या कॅलिब्रीपेक्षा डोळ्यांना बराच मोठा दिसतो आणि जागाही जास्त खातो. ओळींमधल्या अंतराचंही तसंच. वर्डमध्ये ‘सिंगल’ लिहिलेलं असलं, तरी प्रत्येक फाँटचं सिंगल वेगळं असतं. मराठी मजकुराला मंगल फाँट असेल तर त्याच सेटिंगमध्ये ओळी खूपच लांब-लांब पडतात. म्हणून पहिल्या ओळीच्या तळापासून अकराव्या ओळीच्या तळापर्यंत मोजावं आणि दहाने भागावं. ३९ मिलिमीटर भरले तर एका ओळीला ३.९, म्हणजे सुमारे अकरा पॉइंट. परिच्छेद सलग नसेल तर दोन-तीन ठिकाणी मोजून पाहावं.

एक उदाहरण घेऊ. सात वर्षं काम केलेल्या एका इंजिनिअरचा रेझ्युमे आहे. स्क्रीनशॉट काढून टाकल्यावर त्याचं वर्णन असं लिहिता येईल:

‘ए-फोर, एक पान. डावीकडे ७० मिमी रुंदीचा गडद निळा पट्टा, वरपासून खालपर्यंत, कागदाच्या कडेला भिडलेला. त्यात पांढरी अक्षरं, कॅलिब्री ९ पॉइंट. वरून खाली क्रमाने: ३५ मिमी व्यासाचा गोल फोटो, संपर्क, कौशल्यांच्या आठ आडव्या पट्ट्या, भाषा, छंद. त्याखाली ८० मिमी नुसतंच निळं. उजवीकडे पांढऱ्यावर १२० मिमी रुंदीचा मजकूर. वर नाव, दोन शब्दांचं, चौदा अक्षरांचं, २४ पॉइंट, एका ओळीत. मग चार शीर्षकं, निळी, १४ पॉइंट, प्रत्येकाखाली बारीक रेघ. शीर्षकाच्या वर ६ पॉइंट मोकळे, खाली १२. मजकूर कॅलिब्री ९, ओळीला ११ पॉइंट, एकूण ४४ ओळी. तारखा उजव्या कडेला, करड्या, रंग #999999. खालचा समास फक्त ८ मिमी. लांबून पाहिलं तर नजर आधी फोटोवर, मग निळ्या पट्टीवर, मग नावावर जाते. पहिली नोकरी शोधावी लागते. दोन्ही भाग टेबलच्या दोन कप्प्यांत आहेत. प्रश्न: सध्याचं पद लगेच दिसावं म्हणून काय हलवू?’

यात एकही खासगी गोष्ट नाही. नाव सांगितलेलं नाही, पण ते किती अक्षरांचं आहे हे सांगितलं आहे आणि मांडणीला तेवढंच लागतं. लांबून पाहण्याचं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. पान भिंतीला लावून चार पावलं मागे जायचं आणि डोळे किलकिले करून काय काय क्रमाने दिसतं ते लिहायचं. मजकूर वाचता येत नाही अशा अंतरावर फक्त वजनं दिसतात, आणि पान पहिल्या नजरेत काय सांगतंय ते त्या वजनांवरून कळतं.

आता हे वर्णन हाती आलेल्या डिझायनरला काय दिसेल? २१० पैकी ७० म्हणजे पानाचा बरोबर तिसरा हिस्सा पट्ट्याकडे गेला आहे, आणि त्यातही तळाचे ८० मिलिमीटर रिकामे आहेत. सात वर्षांचं काम मात्र उरलेल्या जागेत ९ पॉइंटमध्ये, तळाच्या कडेपर्यंत रेटून बसवलंय. गर्दीचं कारण इथेच सापडतं. पानावर जागा कमी नाही, ती चुकीच्या मजकुराला दिली आहे.

दुसरी गोष्ट शीर्षकांची. वर सहा आणि खाली बारा पॉइंट म्हणजे शीर्षक आपल्या मजकुरापासून लांब आणि आधीच्या मजकुराला चिकटलेलं. जवळ असलेल्या गोष्टी डोळा एकत्र धरतो, त्यामुळे ‘शिक्षण’ हा शब्द वरच्या नोकरीची शेवटची ओळ वाटू लागतो. चित्रात हा दोष पटकन लक्षात येत नाही, नुसतंच काहीतरी विस्कळीत वाटत राहतं. आकड्यांत लिहिला की तो लपत नाही.

तारखांचा करडा रंगही कोड दिल्यामुळे पकडता येतो. #999999 आणि पांढरा यांच्यातलं तफावतीचं गुणोत्तर सुमारे २.८ भरतं. वेबवरच्या सुगम्यतेच्या मानकात लहान अक्षरांसाठी किमान ४.५ मागतात. #595959 घेतला तर ते ७ च्या आसपास जातं आणि अक्षरं तरीही काळ्या मजकुरापेक्षा सौम्य दिसतात. कडेला भिडलेला निळा पट्टा घरच्या अनेक प्रिंटरवर तसा छापला जात नाही, भोवती काही मिलिमीटरची पांढरी चौकट राहते. काळ्या-पांढऱ्या छपाईत तर त्यातली ९ पॉइंटची पांढरी अक्षरं शाईने भरून जातात.

टेबलचा उल्लेख केला हे चांगलं झालं, कारण ती बाब स्क्रीनशॉटमध्ये दिसलीच नसती. अनेक कंपन्या रेझ्युमे आधी सॉफ्टवेअरकडून वाचून घेतात. अशा वाचनात दोन कप्प्यांतला मजकूर कधीकधी आडवा, ओळीला ओळ जोडून घेतला जातो. तपासायला सोपं आहे: पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवायचा. पदाच्या नावाच्या मध्येच एखादा छंद येऊन बसला, तर क्रम बिघडलाय. कौशल्यांच्या आडव्या पट्ट्या नोटपॅडमध्ये येतच नाहीत, आणि माणसालाही त्या काही सांगत नाहीत. ऑटोकॅड ऐंशी टक्के येतं म्हणजे नेमकं काय येतं?

मग पट्टा काढून पान एकेरी करायचं? तेही सरळ होत नाही. दोन्हीकडे २० मिलिमीटर समास ठेवले तर मजकुराला १७० मिलिमीटर रुंदी मिळते. दहा पॉइंटच्या कॅलिब्रीत एवढ्या ओळीत जवळजवळ शंभर अक्षरं मावतात, आणि इतकी लांब ओळ संपवून पुढच्या ओळीची सुरुवात शोधताना डोळा चुकतो. सलग मजकुराला ४५ ते ७५ अक्षरांची ओळ सोयीची मानतात. म्हणून डावीकडे ३५ मिलिमीटर तारखांना द्यावेत, ५ मोकळे सोडावेत आणि १३० मध्ये मजकूर ठेवावा. ओळ पंच्याहत्तरच्या आसपास येते. तारीख आणि पद एकाच ओळीत टॅबने जोडले की नोटपॅडमधला क्रमही शाबूत राहतो. शीर्षकांना वर १४ आणि खाली ४ पॉइंट. पद ठळक, कंपनीचं नाव साधं.

आता ओळींच्या आकड्याचा उपयोग होतो. वर-खाली २० मिलिमीटर सोडून २५७ उरतात. नाव-संपर्काला २५ आणि पाच शीर्षकांना मिळून ५७ गेले. नोकऱ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेसाठी आणखी दहा धरले तर १६५ उरतात. ओळीला १३ पॉइंट, म्हणजे ४.६ मिलिमीटर दिले तर ३६ ओळी मावतात. आपल्याकडे आहेत ४४, आणि कौशल्यं चार ओळींत लिहिली तर ४८. बारा ओळी जास्त आहेत. म्हणजे पट्टा काढूनही पान आपोआप मोकळं होत नाही. एकतर जुन्या नोकऱ्यांतल्या बारा ओळी कमी कराव्या लागतील, नाहीतर दुसरं पान घ्यावं लागेल. सात वर्षांच्या अनुभवाला दोन पानं घ्यायला माझी हरकत नसेल, पण दुसऱ्या पानावर चारच ओळी लोंबत असतील तर मी छाटणीच सुचवेन. मुळातला पट्टा होता म्हणून ही अडचण झाकली गेली होती, आणि ९ पॉइंटने ती कशीबशी निभावली होती.

शब्दांत न येणाऱ्या गोष्टी उरतातच. अक्षरांमधल्या फटी, ठळक आणि साध्या अक्षरांचा एकमेकांशी जमलेला किंवा न जमलेला तोल यांचं माप देता येत नाही. त्यासाठी त्याच फाइलची एक प्रत घ्यावी आणि प्रत्येक खासगी शब्दाच्या जागी तेवढ्याच लांबीचा खोटा शब्द टाकावा. चौदा अक्षरांच्या नावाला चौदा अक्षरांचंच खोटं नाव, तीन ओळींच्या कामाला तीन ओळी. ‘अबक’ लिहून सोडलं तर ओळी तुटण्याच्या जागा बदलतात आणि पाहणारा वेगळ्याच पानावर मत देतो. फोटोच्या जागी त्याच मापाचं करडं वर्तुळ. मग ती प्रत नव्याने पीडीएफ करावी, फाइलच्या गुणधर्मांत लेखक म्हणून आपलं नाव राहिलंय का ते पाहावं, आणि वर्णनासोबत ती पाठवावी.