ट्रॅक्टरचं डाऊन पेमेंट जास्त भरावं की पैसे एफडीत ठेवावेत? हिशोब असा करा

दसरा-पाडव्याला ट्रॅक्टर घ्यायला गेलेल्या शेतकऱ्याला शोरूमवर हमखास एक सल्ला मिळतो. "सगळे पैसे कशाला अडकवता? डाऊन पेमेंट कमी भरा, कर्ज जास्त घ्या. उरलेले पैसे एफडीत टाका, एफडीचं व्याज कर्जाचं व्याज भरून काढतं." कागदावर ही गोष्ट खरी वाटते. ती कुठे फसते, हे एका उदाहरणातून पाहू.

समजा ट्रॅक्टर ८ लाखांचा आहे आणि शेतकऱ्याकडे ४ लाख रुपये जमा आहेत. सगळे भरले तर कर्ज ४ लाखांचं होतं. २ लाखच भरले तर कर्ज ६ लाखांचं होतं आणि २ लाख हातात राहतात. म्हणजे प्रश्न फक्त या २ लाखांचा आहे. कर्जाचा दर १४ टक्के, मुदत ५ वर्षे, हप्ता सहामाही, आणि एफडीचा दर ७ टक्के धरू.

जास्तीच्या २ लाख कर्जावर दर सहा महिन्यांनी साधारण २८ हजार ४७५ रुपये हप्ता वाढतो. १० हप्त्यांत २ लाख ८४ हजार ७५० रुपये जातात, म्हणजे व्याज झालं जवळपास ८४ हजार ७५०. तिकडे २ लाखांची एफडी ५ वर्षांत २ लाख ८३ हजारांच्या आसपास होते, म्हणजे व्याज मिळालं ८३ हजार. विक्रेता हेच दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवतो आणि म्हणतो, "बघा, बरोबरी झाली."

दर दुप्पट असून बरोबरी कशी झाली? कारण कर्जाची बाकी हप्त्यागणिक कमी होत गेली, एफडीतली रक्कम मात्र पाचही वर्षे पूर्ण राहिली. आणि ती पूर्ण राहिली, कारण हप्ते शेतकऱ्याने दुसरीकडून भरले. ऊस, कांदा, दूध, जिथून पैसा आला तिथून. हा खिशातून गेलेला पैसा त्या हिशोबात धरलेलाच नाही.

खरा हिशोब करायचा तर जास्तीचा हप्ता त्याच २ लाखांतून भरून बघायचा. उरलेल्या रकमेवर ७ टक्के व्याज मिळत राहील असं धरलं, तर ते पैसे ८ हप्ते पुरतात. नवव्या हप्त्याला सहा हजारांच्या आसपासच शिल्लक असते. उरलेला नववा हप्ता आणि अख्खा दहावा हप्ता खिशातून भरावा लागतो. दोन्ही मिळून जवळपास ५१ हजार रुपये. बरोबरीच्या व्यवहारातलं नुकसान ते हेच.

एफडीऐवजी म्युच्युअल फंडात टाका, तिथे १५ टक्के मिळतील, असंही कोणी सांगतं. पण कर्जाचं व्याज नक्की द्यावं लागतं, बाजारातला परतावा नक्की नसतो. १४ टक्क्यांचं कर्ज कमी करणं म्हणजे जोखीम न घेता १४ टक्के वाचवणं.

इथे आणखी एक मेख असते. "फक्त ८ टक्के" सांगितलं, तर तो दर फ्लॅट आहे का ते विचारा. फ्लॅट पद्धतीत सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर शेवटपर्यंत व्याज लागतं. वरच्याच २ लाखांवर ८ टक्के फ्लॅटने ५ वर्षांचं व्याज ८० हजार होतं. घटत्या बाकीवर मोजलं तर तो दर १३ टक्क्यांच्या वर जातो. म्हणून एफडीच्या ७ टक्क्यांशी ८ ची तुलना करू नये. सही करण्याआधी केएफएस, म्हणजे कर्जाची मुख्य माहिती देणारा कागद मागावा. त्यात वार्षिक दर (एपीआर) खर्चासकट लिहिलेला असतो, तुलना त्याच आकड्याशी करावी.

मग सगळेच ४ लाख भरून मोकळं व्हावं का? तसंही नाही. पुढच्या हंगामाचं बी-खत, घरातलं दुखणं आणि एक सहामाही हप्ता, एवढे पैसे बाजूला पाहिजेतच. पीक कर्ज फेडायला ठेवलेल्या पैशालाही हात लावू नये, कारण मुदत चुकली तर व्याज सवलत जाते. हात रिकामा झाला आणि मधेच सावकाराकडून महिना ३ टक्क्यांनी पैसे उचलावे लागले, तर ते वर्षाला ३६ टक्के पडतात. तिथे १४ टक्क्यांचं कर्जही स्वस्तच म्हणायचं.

थोडक्यात, आधी अडीअडचणीची रक्कम बाजूला काढावी आणि ती मोडता येईल अशा ठेवीत ठेवावी. त्यावरचे सगळे पैसे डाऊन पेमेंटला लावावेत. कर्ज आधीच झालं असेल, तर मधेच मुद्दल भरता येतं का आणि त्यावर किती शुल्क लागतं, हे करारात बघून पुढच्या पिकाचे पैसे तिकडे वळवता येतात.

(उदाहरणातले दर हिशोबासाठी धरलेले आहेत. आपल्या कर्जाचा आणि ठेवीचा दर बँकेत विचारून घ्यावा.)