रेंज जाण्याआधीचा मेसेज

मनालीहून एकटीच लेहला निघालेल्या पुण्याच्या मुलीने "काळजी करू नका" एवढंच लिहिलं, तर आईची काळजी तिथूनच सुरू होते. जिस्पा सुटलं की बराच वेळ रेंज नसते आणि इतर राज्यांतलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालतच नाही. म्हणून पोस्टपेड घ्यावं, आणि फोन बंद राहणार हे आधीच सांगून टाकावं. आदल्या रात्रीचा मेसेज असा असावा:

"आई, मंगळवारी सकाळी जिस्पाहून निघते. मुक्काम सरचूला, तंबूत. दिवसभर फोन लागणार नाही. बुधवारी संध्याकाळी लेहला पोचून कळवते. रस्ता अडला तर गुरुवारी दुपारपर्यंत. तोवर मेसेज नाही आला, तर गेस्ट हाउसला आणि ड्रायव्हरला फोन कर; नंबर खाली दिलेत."

यातली खरी गोम दोन वेळांत आहे. बारालाचा घाटात दरड किंवा बर्फामुळे काही तास अडकणं नेहमीचंच, त्यामुळे बुधवारची संध्याकाळ हा अंदाज आणि गुरुवारची दुपार ही मर्यादा.

"दर दोन तासांनी कळवते" असं कबूल करणं मात्र महागात पडतं. पहिलाच मेसेज हुकला, की मावशीपासून मामापर्यंत फोनाफोनी सुरू!