बिलातली रक्कम आणि खात्यातली रक्कम

लंडनच्या ज्या अनुवाद संस्थेचं काम मी स्टुटगार्टमध्ये बसून वर्षानुवर्षं करत आले, ती गेल्या वर्षी एका मोठ्या कंपनीने विकत घेतली. नव्या मालकांनी सगळ्या फ्रीलान्सरांना अटींचं पत्रक धाडलं. त्यातल्या दोन अटी मला फार लागल्या. एक, बिल फक्त पौंडांत स्वीकारलं जाईल. दोन, पैसे पाठवण्याचा सगळा बँकखर्च अनुवादकाच्या रकमेतून वजा होईल. ब्रेक्झिटच्या मतदानाला आता दहा वर्षं होत आली. याच दोन गोष्टींसाठी आमच्यासारख्यांनी त्या दशकात जो वाद घातला, तो कधी झालाच नव्हता अशा थाटात हे पत्रक लिहिलेलं आहे. म्हणून तो काळ एकदा नीट मांडून ठेवावासा वाटतो.

पुण्यात मॅक्समुल्लर भवनात जर्मन शिकून इकडे आले, त्या सुरुवातीच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. गिऱ्हाइकं जर्मनीतली, यंत्रांची माहितीपुस्तकं जर्मनमधून इंग्रजीत करायची, बिल युरोत, पैसे पूर्ण. खरी गोष्ट सुरू झाली ती २०१२च्या सुमारास, जर्मनीबाहेरची कामं येऊ लागली तेव्हा.

पहिला धडा अमेरिकेतल्या एका गिऱ्हाइकाने दिला. बिल होतं १,५०० डॉलरचं. त्या दिवशी एका युरोला साधारण १.३० डॉलर पडत होते, म्हणजे १,१५४ युरो यायला हवे होते. खात्यात आले १,१०५. गिऱ्हाइकाचा हिशेबनीस म्हणाला, आम्ही पूर्ण पाठवले. माझ्या बँकेतला माणूस म्हणाला, तिकडच्या बँकेने कापले असतील. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते आणि दोघांनीही हात झटकले होते.

मग मी गिऱ्हाइकाकडे पैसे पाठवल्याच्या स्विफ्ट संदेशाची प्रत मागितली. या संदेशाला MT103 म्हणत. त्यात मोजक्या रकान्यांवर नजर टाकली की सगळा उलगडा होई. 33B मध्ये गिऱ्हाइकाने पाठवायला सांगितलेली रक्कम असे, 32A मध्ये बँकांनी आपसात प्रत्यक्ष चुकती केलेली. माझ्या प्रतीत पहिली १,५०० होती, दुसरी १,४७५. 71F या रकान्यात मधले २५ डॉलर स्पष्ट दिसत होते. दोन्ही बँकांचा एकमेकींशी थेट व्यवहार नसला की पैसे तिसऱ्या बँकेतून जातात आणि ती आपली दलाली वाटेतच काढून घेते. 71A मध्ये लिहिलं होतं SHA, म्हणजे पाठवणाऱ्याने फक्त आपल्या बँकेचा खर्च भरला, पुढचा सगळा माझ्यावर. तिथे OUR असतं तर सगळा खर्च त्याच्याकडे गेला असता, आणि BEN असतं तर सगळा माझ्याकडे.

२५ डॉलर म्हणजे सुमारे १९ युरो. माझ्या बँकेने परदेशी रक्कम जमा करण्याचे १२ युरो घेतले, ते पासबुकात दिसत होते. उरलेले १७ युरो कुठेच दिसत नव्हते, कारण ते दरात लपले होते. बाजारात दर १.३० असताना बँकेने माझे डॉलर १.३२च्या दराने युरोत बदलले होते. ही कापणी कुठल्याही बँकेच्या कागदावर ‘शुल्क’ म्हणून छापलेली नसते. ती ओळखायचा एकच मार्ग आहे. युरोपीय मध्यवर्ती बँक कामाच्या प्रत्येक दिवशी दुपारी चारच्या सुमारास संदर्भदर जाहीर करते. तो समोर ठेवायचा आणि आपल्या बँकेने लावलेल्या दराशी ताडून पाहायचा. बिलागणिक चार टक्क्यांहून जास्त रक्कम अशी तीन ठिकाणी कापली जात होती, आणि विचारल्याशिवाय कुणी ते सांगत नव्हतं.

त्यानंतर मी बिलावर लिहायला लागले: सर्व बँकखर्च देणाऱ्याकडे, 71A = OUR. आणि त्याला आधारही होता. जर्मन नागरी संहितेचं २७०वं कलम सांगतं की दुसरं काही ठरलं नसेल तर देणेकऱ्याने पैसे स्वतःच्या जोखमीवर आणि स्वतःच्या खर्चाने घेणेकऱ्याच्या ठिकाणी पोचवायचे. माझ्या अटींत जर्मन कायदा लागू असल्याचं लिहिलेलं होतं. त्यामुळे १,५००च्या बिलापोटी १,४७५ आले तर २५ अजून येणं आहेत, ही तक्रार राहत नाही, ती थकबाकी होते. हे कलम दाखवल्यावर बहुतेक गिऱ्हाइकांनी मुकाट्याने फरक भरला. डॉलरच्या बाबतीत मात्र OUR लिहूनही मधली अमेरिकी बँक कधीकधी कापून घ्यायचीच, कारण त्या साखळीतल्या प्रत्येकीला ती सूचना पोचतेच असं नाही. तिथे फरक पुढच्या बिलात वेगळी ओळ म्हणून लावणं एवढाच उपाय होता.

लंडनच्या संस्थेशी असा झगडा करावाच लागला नाही, कारण त्यांच्या हिशेबखात्यात एक बाई होत्या. मी त्यांना कधी भेटले नाही. पैसे निघाले की त्या दोन ओळींचं पत्र लिहायच्या: अमुक बिल, अमुक रक्कम, अमुक तारखेला पोचेल. कमी पोचले असं कळवलं की पुढच्या वेळी तेवढे घालून पाठवायच्या, पुरावा न मागता. त्या निवृत्त झाल्या, आणि आता त्यांच्या जागी एक पोर्टल आहे. त्यात ‘रक्कम कमी आली’ असं नोंदवायला रकानाच नाही. या सगळ्या काळात माझं सर्वांत जास्त काय गेलं असं वाटत असेल, तर त्या बाई.

खर्चाचा प्रश्न सुटतो तोवर चलनाचा उभा राहिला. लंडनचं बिल मी पौंडांत करत असे, कारण तिकडचं अंदाजपत्रक पौंडांत. २३ जून २०१६ला मतदान झालं, तेव्हा एका पौंडाला सुमारे १.३० युरो मिळत होते. माझं २,४०० पौंडांचं बिल त्याच आठवड्यात गेलं होतं, मुदत ३० दिवसांची. म्हणजे ३,१२० युरोचं काम. पैसे आले तेव्हा दर १.१९ होता आणि हातात पडले २,८५६. कुणी काही कापलं नव्हतं, गिऱ्हाइकाने शब्द पाळला होता, तरी २६४ युरो गेले. ऑक्टोबरात तर पौंड १.११च्या आसपास आला. घरभाडं युरोत, आरोग्यविम्याचा हप्ता युरोत, आणि कमाई अशा चलनात की ज्याच्या घसरणीत माझा काडीचा हात नाही.

बिलाचं चलन ठरवणं म्हणजे दराचा धोका कुणी घ्यायचा हे ठरवणं, हे तेव्हा पुरतं कळलं. सगळं युरोत करा म्हटलं तर तो धोका लंडनवर जातो आणि तेही नाही म्हणतात. शेवटी आम्ही मधला मार्ग काढला आणि तो चार ओळींत करारात घातला. कामाचा दर पौंडांतच राहील. कराराच्या दिवशीचा युरोपीय मध्यवर्ती बँकेचा संदर्भदर पायाभूत धरायचा. पैसे ज्या दिवशी चुकते होतील त्या दिवशीचा दर त्यापासून पाच टक्क्यांपेक्षा जास्त हलला, तर फरक निम्मानिम्मा. वरच्या बिलाला हे लावून पाहिलं तर १.३०वरून १.१९ म्हणजे साडेआठ टक्के घसरण, २६४चा निम्मा १३२ युरो, म्हणजे पुढच्या बिलात १११ पौंड जास्त. पौंड वधारला तर मी तेवढंच सोडायचं. हिशेबखात्यातल्या बाईंनी तो मान्य करून घेतला आणि पुढे तो दोन्ही दिशांनी पाळला गेला.

२०१७पासून आणखी एक सोय आली. वाइज, जिचं नाव तेव्हा ट्रान्सफरवाइज होतं, तिने अनेक चलनांचं खातं सुरू केलं. जर्मनीत राहूनही माझ्याकडे ब्रिटनमधला खातेक्रमांक आला. लंडनने पौंड तिथल्या तिथे पाठवायचे, मधली बँक नाही, वाटेत कापणी नाही, आणि युरोत कधी बदलायचे ते मी ठरवणार. तेव्हापासून एक नियम पाळते: बिलाचं चलन, पाठवण्याचं चलन आणि खात्याचं चलन तिन्ही एकच हवं. पौंडांचं बिल कुणी आपल्या बँकेत युरो करून पाठवलं की त्यांच्या बँकेच्या दराने रक्कम घटते आणि वर ‘पूर्ण दिले’ म्हणून नोंद होते.

या सोयीने प्रश्न मिटला असं लिहिणाऱ्यांशी मात्र माझं पटत नाही. मोठ्या कंपन्यांची पोर्टलं पत्ता जर्मनीचा आणि खातं ब्रिटनचं असं दिसलं की अर्ज अडवतात, आणि मग गाडी पुन्हा स्विफ्टवर येते. युरोचीही तीच गत झाली. युरोपीय संघात सीमापार युरो पाठवायला देशातल्याइतकाच खर्च लावायचं बंधन बँकांवर आहे. ब्रिटन सेपा या युरो पाठवण्याच्या व्यवस्थेत राहिला, पण २०२०च्या अखेरीस संक्रमणकाळ संपला आणि तिथल्या बँकांवरचं ते बंधन सुटलं. पूर्वी लंडनहून युरो सेंटपर्यंत पूर्ण यायचे. आता ते कुठल्या वाटेने पाठवले, हे प्रत्येक वेळी विचारावं लागतं.

एवढं सगळं झाल्यावर हे पत्रक हातात पडलं. २७०व्या कलमातली ‘दुसरं काही ठरलं नसेल तर’ ही अट किती मोलाची आहे, ते त्यांच्या वकिलांना बरोबर ठाऊक आहे. सही केली की दुसरं काही ठरलेलंच असतं, आणि कायद्याने दिलेलं संरक्षण मी स्वतःच्या हाताने सोडलेलं असतं. नोव्हेंबर २०२५पासून बँकांमधल्या परदेशी भरण्यांत MT103ची जागा नव्या रचनेच्या संदेशाने घेतली आणि OUR, SHA, BEN यांच्या जागी DEBT, SHAR, CRED आले. पत्रकातल्या अटीचा अर्थ CRED. आज प्रत्येक स्विफ्ट व्यवहाराला UETR नावाचा क्रमांक असतो, त्यावरून बँकेला पैसा वाटेत कुठे किती कापला गेला ते पाहता येतं. म्हणजे कापणी लपवणं पूर्वीपेक्षा अवघड झालं, तेव्हाच ती उघडपणे अनुवादकावर टाकायची पद्धत रूढ होते आहे. याचा मला राग आहे.

मी सही केलेली नाही. उत्तरात दोन पर्याय दिले. पौंडांतच द्यायचे असतील तर ब्रिटनमधल्या माझ्या खात्यात द्या आणि पाच टक्क्यांची जुनी अट ठेवा. नाहीतर युरोत बिल घ्या आणि DEBT लावा. तिसरा पर्याय, म्हणजे दोन्ही ओझी माझ्यावर, हवा असेल तर शब्दामागचा दर चार टक्क्यांनी वाढेल, कारण २०१२च्या त्या बिलातून गेली होती ती जवळपास एवढीच रक्कम. कुठल्या बँकेतून आणि कुठल्या वाटेने पैसे पाठवायचे हे जो ठरवतो, त्या वाटेचा खर्चही त्याचाच. लंडनचं काम सुटलं तरी ही अट मी सोडणार नाही, आणि नव्याने या धंद्यात येणाऱ्या पोरांनीही पहिल्याच बिलावर ती लिहावी असं मला वाटतं.