फोम किती टक्के, आणि कुठे?

घरातल्या एका खोलीत पॉडकास्ट, ऑडिओबुक किंवा डबिंगचं रेकॉर्डिंग सुरू करायचं ठरलं, की पहिली खरेदी माइकची होते आणि दुसरी काळ्या-राखाडी फोमच्या चौकोनी टाइल्सची. दुकानदार भिंतींची मापं विचारतो, कॅल्क्युलेटर काढतो आणि म्हणतो, ‘पंचवीस टक्के धरू या?’ हिशेब सोपा आहे आणि बहुतेक वेळा बरोबरही असतो. त्यातून टाइल्सची संख्या कळते. त्या कुठे लागतील आणि कोणता आवाज शोषतील, हे मात्र त्यातून कळत नाही. पैसे वाया जातात ते याच ठिकाणी.

आधी हिशेब करू. फ्लॅटमधली १० बाय ८ फुटांची खोली घ्या, उंची साडेनऊ फूट. चारही भिंतींची एकूण लांबी ३६ फूट, म्हणजे भिंतींचं क्षेत्रफळ ३४२ चौरस फूट. त्यातून दाराचे २१ आणि खिडकीचे १६ वजा केले, की ३०५ उरतात. त्याचे पंचवीस टक्के सव्वाशहात्तर चौरस फूट. टाइल एक फूट बाय एक फूट असेल तर ७७ टाइल्स. बाराच्या पॅकमध्ये मिळत असतील तर सहा पॅक कमी पडतात, म्हणून सात, म्हणजे ८४. टाइलचं माप मात्र पट्टी लावून बघावं. एक फुटाची म्हणून मिळणारी टाइल पुष्कळदा ३० सेंटीमीटरची असते, मग ७७ च्या जागी ७९ लागतात. ५० सेंटीमीटरची मोठी टाइल घेतली तर २९ पुरतात.

आता हे पंचवीस टक्के आले कुठून? खोलीत आवाज किती वेळ घुमत राहतो, याचं सूत्र वॉलेस सबाइन या भौतिकशास्त्रज्ञाने मांडलं. हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातल्या व्याख्यानगृहात वक्त्याचं बोलणं कुणाला समजत नव्हतं, म्हणून १८९५ मध्ये ते काम त्याच्याकडे आलं. शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या गाद्या रात्री त्या सभागृहात आणून ठेवायच्या, ऑर्गनच्या नळीतून सूर काढायचा आणि तो विरायला किती सेकंद लागतात ते मोजायचं, अशी त्याची पद्धत होती. त्यातून निघालेलं सूत्र असं: खोलीचं घनफळ फुटांत घ्या, त्याला ०.०४९ ने गुणा आणि खोलीतल्या एकूण शोषणाने भागा. शोषण म्हणजे प्रत्येक पृष्ठभागाचं क्षेत्रफळ गुणिले त्याची शोषणक्षमता. प्लास्टरची भिंत मधल्या पट्टीतला आवाज जेमतेम तीन टक्के शोषते, तर दोन इंची चांगला फोम नव्वद टक्क्यांच्या आसपास.

आपल्या खोलीचं घनफळ ७६० घनफूट. भिंती, छत आणि फरशी मिळून पृष्ठभाग ५०२ चौरस फूट. एक माणूस, टेबल आणि खुर्ची सोडून खोली रिकामी असेल, तर आवाज विरायला साधारण १.९ सेकंद लागतात. अशा खोलीत बोलणं ऐकवत नाही. ८० टाइल्स लावल्या की हा वेळ ०.४ सेकंदावर येतो. माणसाच्या बोलण्याला हे चांगलं चालतं. मग हौसेने आणखी ८० लावल्या तर? ०.२३ सेकंद. पहिल्या ऐंशींनी दीड सेकंद कमी केला, दुसऱ्या ऐंशींनी जेमतेम पाव सेकंदाहून कमी. पन्नास टक्के भिंत झाकणाऱ्याने दुप्पट पैसे कशासाठी मोजले, ते या आकड्यांवरून कळतं.

पण हे सगळं मधल्या पट्टीपुरतं. खर्जात चित्र पार बदलतं. तोच दोन इंची फोम १२५ हर्ट्झच्या आसपास फार तर दहा टक्के आवाज शोषतो. म्हणजे ८० चौरस फूट फोम वरच्या आवाजाला ७२ चौरस फुटांएवढा भासतो आणि खालच्या आवाजाला ८ चौरस फुटांएवढा. कारण लांबीत आहे. १२५ हर्ट्झची ध्वनिलहर पावणेतीन मीटरची असते. भिंतीला अगदी लागून हवेचे कण जवळजवळ हलतच नाहीत. ते सर्वांत जोरात हलतात लहरीच्या पाव लांबीवर, म्हणजे भिंतीपासून सुमारे ७० सेंटीमीटरवर. फोम आवाज शोषतो तो हलणाऱ्या हवेला घासून. भिंतीलगतच्या पाच सेंटीमीटरमध्ये या लहरीला घासण्यासारखं काही सापडत नाही.

शिवाय टोकदार टाइलची जाडी शेंड्यापर्यंत मोजलेली असते. दोन इंची म्हणून घेतलेल्या टाइलचा भरीव तळ बहुतेक वेळा एकच इंच असतो, बाकी खाचा. फोटोत ती रुबाबदार दिसते हे खरं. एक इंची टाइलचा विचार तर सोडूनच द्यावा. ती ‘स’ आणि ‘श’ची धार खाते आणि बाकी सगळं तसंच ठेवते.

आपल्या खोलीत एक आणखी अडचण आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठरावीक सूर अडकून बसतात. १० फुटांच्या अंतरात असा एक सूर ११३ हर्ट्झला येतो आणि साडेनऊ फुटांच्या उंचीत ११९ ला. दोन्ही एकमेकांना खेटून. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर नेमका याच्या आसपास फिरतो. त्यामुळे पुरुषाने या खोलीत वाचन केलं, की काही शब्द उगाच फुगतात आणि रेकॉर्डिंग मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखं वाटतं. फोम आणखी वाढवला तर हे जास्तच जाणवतं, कारण वरचा भाग सुकतो आणि खालचा तसाच राहतो. अनेक घरगुती स्टुडिओंतला ‘कोंदट’ आवाज हाच.

त्यावर उपाय जाडी हाच आहे. चार इंच जाड रॉकवूलचं, कापडात गुंडाळलेलं दोन बाय चार फुटांचं पॅनेल भिंतींच्या कोपऱ्यात तिरपं उभं केलं, तर त्याच्यामागे आपोआप पोकळी राहते आणि खर्ज थोडा तरी ताब्यात येतो. चार कोपरे मिळाले तर उत्तम, नाहीतर माणसाच्या पाठीमागचे दोन. पन्नास टक्क्यांसाठी ठेवलेले पैसे इकडे लावावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आता त्या ८४ टाइल्सची जागा. चारही भिंतींवर सारख्या वाटून टाकणं ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात कमी उपयोगाची पद्धत. बोलणारा खिडकीकडे तोंड करून बसला आहे असं धरा. दार बाजूच्या भिंतीच्या त्याच टोकाला आहे. बोलण्यासाठीचा माइक बहुतेक करून समोरून ऐकतो आणि पाठीमागचं टाळतो. माइकच्या समोर बोलणारा असतो, आणि बोलणाऱ्याच्या मागे भिंत. म्हणजे माइकला सर्वांत स्पष्ट दिसते ती बोलणाऱ्याच्या पाठीमागची भिंत. तिथे आठ फूट रुंद आणि चार फूट उंच पट्टा लावावा, जमिनीपासून अडीच फुटांवर सुरू करून साडेसहापर्यंत. ३२ टाइल्स झाल्या. दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, चार बाय चारचा एकेक चौकोन, म्हणजे आणखी ३२.

आणि छत! भिंतींच्या टक्केवारीत ते धरलेलंच नसतं. आपल्याकडे वर गुळगुळीत स्लॅब आणि खाली टाइल्सची फरशी, दोन्ही कडक आणि समांतर. डोक्यावर १६ टाइल्सचा चौकोन लावा आणि पायाखाली जाड सतरंजी अंथरा. एकूण ८० झाल्या. उरलेल्या चार स्विचबोर्डाभोवती कापून घालायला आणि कापताना बिघडतील त्यांच्या जागी. समोरच्या खिडकीला रुंदीच्या दुप्पट कापडाचा, भरपूर चुण्यांचा जाड पडदा पुरे.

जागा बरोबर आहे का हे टाळी वाजवून कळतं. माणूस बसतो तिथेच उभं राहून एक कोरडी टाळी वाजवा. तिच्यामागे तारेसारखी झणझण ऐकू आली, तर कुठेतरी दोन उघड्या भिंती एकमेकींसमोर आहेत. एका बाजूच्या काही टाइल्स हलवा, फोमसमोर भिंत आणि भिंतीसमोर फोम अशी आलटूनपालटून मांडणी केली की झणझण जाते. मग अर्धा मिनिट वाचून हेडफोनवर ऐका.

म्हणूनच टाइल्स थेट भिंतीला चिकटवू नयेत. भाड्याच्या घरात तर नाहीच, काढताना रंगाचे पोपडे निघतात. चार-सहा टाइल्स एका पातळ प्लायवर चिकटवून तो तुकडा खिळ्याला टांगला, तर जागा बदलता येते. टाइल्स दाबून बांधलेल्या येतात, त्या फुगायला एक-दोन दिवस द्या, मगच चिकटवा.

फोमकडून दोन गोष्टींची अपेक्षा ठेवू नका. बाहेरचा रिक्षाचा हॉर्न त्याने थांबत नाही. आवाज अडवायला वजन लागतं, आणि फोममध्ये असते हवा. दुसरं म्हणजे पॅकिंगचा फोम, थर्माकोल किंवा अंड्यांचे ट्रे म्हणजे हा फोम नव्हे. टाइल तोंडाला लावून फुंकर मारा. हवा आरपार जायला हवी. अडली, तर तो आवाजही शोषणार नाही.

आगीची गोष्ट मात्र हलक्याने घेण्यासारखी नाही. २० फेब्रुवारी २००३ च्या रात्री अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या ‘द स्टेशन’ या नाइटक्लबात रंगमंचावरच्या फटाक्यांची ठिणगी भिंतीवरच्या पॉलियुरेथेन फोमला लागली. काही मिनिटांत क्लब पेटला आणि १०० जण मेले. साधा पॉलियुरेथेन फोम घरातही तसाच पेटतो. आगरोधक असल्याची चाचणी झालेला फोम किंवा मेलामाइन फोम घ्या, आणि त्याच्यामागून उघड्या वायरी नेऊ नका.

खरेदीच्या वेळी विक्रेत्याकडे दोन कागद मागा: आगीच्या चाचणीचा आणि वेगवेगळ्या पट्ट्यांतल्या शोषणाचा. दुसऱ्या कागदावर आधी १२५ आणि २५० हर्ट्झचे आकडे वाचा, सरासरीचा एकच आकडा दाखवला तर समाधान मानू नका. त्या सरासरीत १२५ हर्ट्झ धरलेलंच नसतं.