भात्यात बाण, तरी हातात तलवार

एका संगणकीय खेळात एक सांगाडा-शिपाई पहाऱ्यावर आहे. त्याच्या कमरेला तलवार आहे, पाठीवर धनुष्य आणि बाणांनी भरलेला भाता. खेळाडू त्याला बारा मीटरवर दिसतो. मध्ये भिंत नाही, झाड नाही. नेम धरायला याहून चांगली जागा मिळणार नाही. तरी हा गडी तलवार उपसून थेट खेळाडूच्या अंगावर धावत येतो आणि वाटेतच मारला जातो. पुन्हा खेळा, पुन्हा तेच. धनुष्याला तो कधी हातच लावत नाही.

पडद्यावर चुकीचा कुठलाही संदेश येत नाही. खेळ बंद पडत नाही. धनुष्य ओढण्याची हालचाल चित्रकाराने नीट बनवलेली आहे, बाण सुटतो तेव्हा लागतोही. म्हणून आधी संशय भलतीकडेच जातो. खरा दोष शिपाई निर्णय कसा घेतो, त्या हिशेबात असतो.

हा हिशेब ज्या पद्धतीने होतो तिला 'युटिलिटी एआय' म्हणतात. इथे 'अमुक झालं तर तमुक कर' अशा नियमांची माळ नसते. शत्रूसमोर जितके पर्याय असतील त्या प्रत्येकाला त्या क्षणी गुण दिले जातात आणि ज्याला सर्वाधिक गुण तो पर्याय अमलात येतो. काही क्षणांनी पुन्हा गुण, पुन्हा निवड. २००० साली आलेल्या 'द सिम्स'मधली माणसं याच तत्त्वावर वागत: फ्रिज, पलंग, टीव्ही या वस्तू आपण कोणती गरज किती भागवू हे जणू जाहीर करत आणि माणूस त्यातून निवड करी. पुढे डेव्ह मार्क यांनी आपल्या पुस्तकातून आणि खेळनिर्मात्यांच्या परिषदांमधल्या व्याख्यानांतून या पद्धतीची शिस्तशीर मांडणी केली. त्यांची रचना 'गिल्ड वॉर्स २'च्या 'हार्ट ऑफ थॉर्न्स' या २०१५ सालच्या विस्तारातही वापरली गेली.

गुण देण्याची रीत अशी. प्रत्येक पर्यायाचे काही निकष ठरलेले असतात. खेळाडू किती दूर आहे, बाण किती उरलेत, आपली तब्येत कशी आहे, मध्ये अडथळा आहे का, वगैरे. प्रत्येक निकषाचं मोजमाप आधी ० ते १ या पट्टीवर आणलं जातं, कारण मीटर आणि बाण यांची थेट तुलना होत नाही. मग ते एका आलेखातून जातं. तलवारीचा अंतराचा आलेख उतरता असतो: खेळाडू जितका जवळ, तितके गुण जास्त. धनुष्याचा चढता असतो. शेवटी एका पर्यायाच्या सगळ्या निकषांचे गुण एकमेकांशी गुणले जातात. सरासरी न काढता गुणाकार करायचं कारण सरळ आहे. भात्यात एकही बाण नसेल तर त्या निकषाला शून्य मिळतं आणि गुणाकारात सगळा पर्यायच शून्य होतो. सरासरी काढली असती तर बाकीच्या निकषांच्या जोरावर शिपाई रिकामं धनुष्य ओढत बसला असता.

आता आपल्या शिपायाचं गणित मांडू. त्याला वीस मीटरपर्यंत दिसतं. तलवार दोन मीटरवर लागते. अंतर ० ते १ मध्ये बसवताना प्रोग्रामरने त्याला शंभरने भागलं, कारण ती लेव्हल शंभर मीटर लांब होती. तलवारीला दोन निकष आहेत, अंतर आणि तब्येत. धनुष्याला पाच: अंतर, मोकळी नजर, बाणांचा साठा, तब्येत आणि नेम. अंतर सोडून बाकी सगळ्या निकषांना चांगले, म्हणजे ०.९ गुण मिळाले आहेत असं धरू. बारा मीटरवरची नोंद अशी दिसेल:

```
melee   dist 0.88  health 0.90                               = 0.79
ranged  dist 0.12  los 0.90  ammo 0.90  health 0.90  aim 0.90 = 0.08
```

बारा मीटर म्हणजे धनुष्यासाठी उत्तम अंतर, आणि त्याला गुण मिळाले शंभरात बारा. तलवार मात्र दहा मीटर कमी पडत असूनही अठ्ठ्याऐंशी घेऊन बसली. उसाचा ट्रक तोलायच्या काट्यावर कोथिंबिरीची जुडी ठेवावी, तसं हे झालं. काटा बिघडलेला नाही, पण इतका मोठा आहे की जुडीचं वजन त्याला जाणवतच नाही. अंतराचे दोन आलेख एकमेकांना छेदतात ते पन्नास मीटरवर. शिपायाला वीस मीटरच्या पलीकडे दिसतच नाही. म्हणजे धनुष्य जिंकू शकेल अशी परिस्थिती त्याच्या आयुष्यात येणारच नाही.

इथे सगळ्यांना आधी सुचणारा उपाय म्हणजे धनुष्याच्या गुणांना एखाद्या आकड्याने गुणायचं. बाराने गुणलं तर बारा मीटरवर धनुष्याला ०.९४ मिळतात, तलवारीला ०.७९. शिपाई बाण सोडतो. सुमारे सव्वादहा मीटरच्या पुढे तो धनुष्य वापरतो, आत आला की तलवार. सगळे खूश होतात. मग कुणीतरी लेव्हल वाढवून दोनशे मीटरची करतं. अंतर आता दोनशेने भागलं जातं, पलटीची जागा सुमारे साडेवीस मीटरवर सरकते, म्हणजे पुन्हा नजरेच्या पलीकडे, आणि शिपाई पुन्हा तलवार घेऊन धावतो. त्याच्या वागणुकीला कुणी हातही लावलेला नसतो. बारा हा आकडा त्या एका नकाशाला लावलेलं ठिगळ होता.

पट्टी दुरुस्त करायची तर ती नकाशावरून न घेता लढाईवरून घ्यावी लागते. शिपायाच्या दृष्टीने अंतराचा अर्थ दोन मीटर ते वीस मीटर एवढ्याच टप्प्यात आहे. दोनच्या आत सगळं सारखंच जवळ, वीसच्या पुढे सगळं सारखंच दूर. म्हणून दोन मीटरला शून्य आणि वीस मीटरला एक धरायचं, मधलं त्या प्रमाणात. बारा मीटर आता ०.५६ होतात. धनुष्याच्या अंतराच्या निकषाला ०.५६, तलवारीच्या ०.४४. नकाशा कितीही मोठा केला तरी हे बदलत नाही.

एवढ्यावर काम झालं असं वाटतं, पण पूर्ण गुणाकार करून पाहिला की बारा मीटरवर धनुष्याला ०.३६ आणि तलवारीला ०.४० मिळतात. अजून तलवारच जिंकते. दुसरा दोष इतका वेळ पहिल्याच्या आड लपला होता. धनुष्याला पाच निकष आहेत, तलवारीला दोन. ०.९ हे चांगले गुण आहेत, पण चार वेळा ०.९ ने गुणलं की ०.६६ च उरतात. एखाद्या पर्यायाचा विचार जितका बारकाईने करावा, तितकी त्याला शिक्षा होते. लांबून करायच्या हल्ल्यांना नजर, साठा, नेम असे निकष साहजिकच जास्त लागतात, म्हणून हा फटका बहुतेक वेळा त्यांनाच बसतो.

यावर एक सोपा उपाय म्हणजे गुणाकाराचं मूळ काढणं: पाच निकष असतील तर पाचवं मूळ, दोन असतील तर वर्गमूळ. डेव्ह मार्क यांनी सुचवलेली भरपाईची रीतही याच कामासाठी आहे. निकष जितके जास्त, तितका कापल्या गेलेल्या गुणांचा मोठा भाग ती परत देते. मूळ काढल्यावर बारा मीटरवर धनुष्याला ०.८२ आणि तलवारीला ०.६३ मिळतात. शून्याचं मूळ शून्यच, त्यामुळे बाण संपले की धनुष्य पूर्वीसारखंच बाद होतं. पलटीची जागा साधारण साडेआठ मीटरवर येते. डिझायनरला ती सहा मीटरवर हवी असेल, तर आता आलेखाच्या आकाराला हात घालायचा: सरळ रेषेऐवजी सहा मीटरच्या आसपास झपकन पडणारा इंग्रजी एस अक्षरासारखा वक्र तलवारीला द्यायचा. पट्टी चुकलेली असताना हेच वक्र बदलत बसलात तर दिवस जातो आणि हाती काही लागत नाही, कारण वक्राचा जो भाग तुम्ही घडवता तिथपर्यंत मोजमाप पोचतच नाही.

असा दोष ओळखायचा कसा? पहिली गोष्ट म्हणजे विजेता कोण एवढंच न छापता प्रत्येक पर्यायाचा प्रत्येक निकष वेगळा छापणं. धनुष्याचे गुण नेमके ० असतील तर कुठला तरी निकष त्याला पूर्ण अडवतो आहे: कदाचित नजरेची किरणरेषा शिपायाच्या स्वतःच्याच अंगावर आपटत असेल, किंवा बाणांची संख्या चुकीच्या ठिकाणाहून वाचली जात असेल. तिथे आलेखाशी काही संबंध नाही. गुण शून्य नसून सतत ०.०५, ०.०८ असे खालीच रेंगाळत असतील, तर मात्र पट्टीकडे पाहायचं. दुसरी गोष्ट म्हणजे निकषात शिरणारी मोजमापं प्रत्यक्ष खेळात कुठून कुठपर्यंत फिरतात ते पाहणं. आपल्या शिपायाचं अंतर ० ते १ च्या पट्टीवर कधीच ०.२ च्या वर गेलं नव्हतं. पट्टीचा चार-पंचमांश भाग रिकामा पडला होता आणि हे नुसत्या त्या आकड्यांच्या यादीतही दिसलं असतं.

तिसरी तपासणी खेळ न खेळताच होते. दोन मीटरपासून वीस मीटरपर्यंत एकेक मीटर वाढवत, बाण भरपूर आणि बाण कमी, तब्येत चांगली आणि वाईट अशा सगळ्या जोड्या हिशेबात घालायच्या आणि कोणता पर्याय किती वेळा जिंकला ते मोजायचं. ज्या पर्यायाच्या नावापुढे शून्य विजय आहेत, त्याच्यावर लाल खूण. आपल्या शिपायाचं धनुष्य पहिल्याच फेरीत सापडलं असतं.

मात्र ही लाल खूण म्हणजे निकाल नाही. हाच शिपाई चार मीटर लांबीच्या तळघरात उभा केला, तर तिथे धनुष्य एकदाही न निवडणं हेच शहाणपण आहे. म्हणून आलेख काढण्याआधी डिझायनरने साध्या वाक्यात लिहून ठेवायला हवं: मोकळ्या जागी, सहा मीटरच्या पुढे, भात्यात बाण असतील तर धनुष्य. हे वाक्य हाताशी असलं की तपासणीचे आकडे कशाशी ताडायचे ते कळतं. ते नसेल, तर ०.७९ आणि ०.०८ यांतला फरक समोर दिसत असूनही त्यात काही चुकलंय असं म्हणायला आधारच उरत नाही.